‘विनंती विशेष’च्या आधीचे बोलणे

(अकादमीच्या भाषाविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

माननीय अध्यक्ष महोदय, अकादमीचे पदाधिकारी आणि श्रोतेहो, आपणा सर्वांना नमस्कार.

या वाक्यातून आपल्याला नवीन काय कळले? अध्यक्ष येथे बसलेले आहेत हे आपल्याला दिसतच होते. ते माननीय आहेत हे माझ्याकडून कळण्याची गरज नव्हती. पण मी हे वाक्य गाळून थेट ‘भाषेची कार्ये सहा आहेत’ अशी सुरुवात केली असती, तर माझे सहावे कार्य येईपर्यंत निम्मी सभा पहिल्याच प्रश्नात अडकली असती : या गृहस्थांचे काही बिनसले आहे का? जे वाक्य म्हटल्याने काही कळत नाही, ते न म्हटल्याने मात्र बरेच काही कळते. आजचे व्याख्यान एवढ्याच एका विसंगतीविषयी आहे.

या प्रकारच्या बोलण्याला नाव दिले ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रॉब्रिअंड बेटांवर राहून तेथील लोकांचा अभ्यास करत होता. पुढे १९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथाला त्याने एक पुरवणी-निबंध जोडला आणि त्यात ‘फॅटिक कम्युनियन’ ही संज्ञा वापरली. ‘फॅटिक’च्या मुळाशी बोलण्याचा अर्थ असलेला ग्रीक धातू आहे. ‘कम्युनियन’ म्हणजे एकत्र येणे, वाटून घेणे. संध्याकाळी शेकोटीभोवती बसलेले लोक हवापाण्याविषयी बोलतात, सगळ्यांना ठाऊक असलेल्याच गोष्टी सांगतात. मालिनोव्स्कीचे म्हणणे असे की, या शब्दांचा उपयोग विचार पोचवण्यासाठी होत नाही, माणसे जोडण्यासाठी होतो. अनोळखी माणूस समोर येऊन गप्प उभा राहिला तर आपल्याला निर्धास्त वाटत नाही, धास्ती वाटते. ती धास्ती मोडणे हे या बोलण्याचे पहिले काम. त्याने पुढे असेही म्हटले आहे की, शब्दांची देवघेव ही सोबतीची पहिली पायरी असते आणि ती पुरी होते अन्नाच्या देवघेवीने. ‘या, बसा’च्या पाठोपाठ ‘चहा घेणार ना?’ ज्या समाजात अटळपणे येते, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या संज्ञेला मराठीत जड पारिभाषिक शब्द घडवता येईल. पण आज मी तिला नुसते ‘सोबतीचे बोलणे’ म्हणणार आहे.

आता प्रश्न असा की, असे बोलणे माहितीच्या दृष्टीने रिकामे का असते? ते अपघाताने रिकामे राहिले आहे की रिकामे असण्यातच त्याचे काम आहे?

येथे एका अभियंत्याची मदत होते. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन याने माहिती मोजण्याची एक रीत मांडली. तिचे सार सोपे आहे. एखादा निरोप जितका अपेक्षित, तितकी त्यात माहिती कमी. जितका अनपेक्षित, तितकी जास्त. आपण एक कल्पित हिशेब करू. समजा, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही ‘काय, कसं काय?’ म्हणता आणि तो शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा ‘बरं आहे’ म्हणतो. शॅननच्या मापाने त्या ‘बरं आहे’मध्ये बिट या एककाचा सुमारे सत्तरावा हिस्सा माहिती आहे, म्हणजे जवळजवळ शून्य. पण शंभरांतून एकदा जर तो थांबला आणि काहीच न बोलता खाली बघत उतरून गेला, तर त्या एका मौनात साडेसहा बिटांहून अधिक माहिती आहे. ‘बरं आहे’च्या सुमारे साडेचारशे पट.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. नव्व्याण्णव वेळांचे रिकामेपण आणि शंभराव्या वेळचे भरलेपण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. रोजचे उत्तर ठरलेले असते म्हणूनच एखाद्या दिवशीची चूक कानाला टोचते. रोजची नमस्कारांची देवघेव ही रात्रीच्या गस्तीवाल्याच्या हाकेसारखी आहे. हाकेत बातमी नसते. पण ती एका रात्री ऐकू आली नाही तर लोक उठून दार उघडतात.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते माणुसकीचे आहे. हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली ‘सगळ्यांनाच खोटे बोलावे लागते’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा : ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘बरा नाही’ असे खरे उत्तर दिले की पुढचा प्रश्न येणारच, ‘का, काय झालं?’ आणि त्याचेही उत्तर द्यावे लागणार. मग हे कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, ही निवड आपल्या हातातून जाते. ‘बरं आहे’ ही निवड आपल्या हातात ठेवते. त्या दोन शब्दांत फसवणूक नसते. माझे दुःख किती जवळच्या माणसाला सांगायचे हे मी ठरवीन, एवढेच त्यात असते. म्हणून तोच प्रश्न डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीत विचारला की घोटाळा होतो. कित्येक वयस्कर मंडळी सवयीने ‘बरं आहे’ म्हणतात, नंतर पाच मिनिटांनी गुडघ्याचे दुखणे निघते. शब्द तेच, एका जागी ते सोबतीचे बोलणे आहे, दुसऱ्या जागी चौकशी. कोणत्या जागी काय आहे हे ओळखणे हा भाषा येण्याचाच भाग आहे.

हॅरल्ड गारफिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हे ओळखणे मुद्दाम मोडून पाहिले. विद्यार्थ्यांना त्याने सांगितले की ओळखीच्या माणसाचे नेहमीचे बोलणे अक्षरशः घ्या आणि खुलासा मागा. एका मित्राने ‘कसा आहेस?’ विचारताच विद्यार्थ्याने उलट विचारले : कशाच्या बाबतीत? तब्येत, पैसा, अभ्यास, की मनाची शांती? मित्राचा चेहरा लाल झाला. मी फक्त सभ्यपणाने विचारत होतो, तुझे काय चालले आहे याच्याशी मला काही देणेघेणे नाही, अशा अर्थाचे तो बोलून गेला. आपण हसतो, पण त्या मित्राचा राग खरा होता. त्याने हात पुढे केला होता आणि समोरच्याने तो हातात घेण्याऐवजी बोटे मोजली.

एवढा विचार इंग्रजी ग्रंथांतून आला. पण माझे मत असे आहे की, या विषयाचा सर्वांत नेमका पुरावा आपल्या घरात, जुन्या पत्रांच्या गाठोड्यात पडून आहे. तो म्हणजे मराठी पत्राचा मायना.

जुन्या मोडी पत्रांत आरंभी समोरच्याची पदवी येते, मग नमस्कार, दंडवत किंवा आशीर्वाद येतो आणि त्यानंतर ठरलेले वाक्य येते : ‘विनंती उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.’ आमचे ठीक आहे हे जाणावे, तुमचे ठीक आहे ते कळवत जावे. पत्र लढाईचे असो, कर्जाचे असो, सोयरिकीचे असो, हे वाक्य येणारच. त्यानंतर एक शब्द येतो, ‘विशेष’. आणि तेथून पुढे पत्रातला खरा मजकूर सुरू होतो.

या ‘विशेष’ शब्दाकडे जरा थांबून पाहा. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाने मालिनोव्स्की वाचलेला नव्हता. पण सोबतीचे बोलणे कोठे संपते आणि बातमी कोठे सुरू होते हे त्याला इतके स्वच्छ ठाऊक होते की, दोहोंच्या सीमेवर त्याने एक दगड पुरून ठेवला होता. ‘विशेष’ म्हणजे नेहमीच्याहून वेगळे, म्हणजे जे अपेक्षित नाही ते. शॅनन ज्याला माहिती म्हणतो त्याला मराठी पत्रलेखक ‘विशेष’ म्हणत होता. तो शब्द आजही आपल्या तोंडी आहे. ‘काय विशेष?’ असे आपण विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर देतो, ‘विशेष काही नाही.’ म्हणजे नमस्कार झाला, कुशल झाले, आता बातमीचे दार उघडे आहे. आणि आत बातमी नाही. तरी भेट वाया गेली असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही.

पुढे छापखाने आले, पोस्टकार्ड आले, आणि मायन्याचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. कार्डावर जागा थोडी. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’चे झाले ‘स.न.वि.वि.’, ‘शिरसाष्टांग नमस्कार’चे झाले ‘शि.सा.न.’, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’चे ‘अ.उ.आ.’. जे पूर्णपणे अपेक्षित असते ते आखडता येते, कारण वाचणारा मनातल्या मनात ते पुरे करतो. तारयंत्राच्या आणि संगणकाच्या शास्त्रात मजकूर आखडण्याचे तत्त्व हेच आहे. पण माहितीचा विचार एवढाच खरा असता, तर मायना आखडत आखडत शून्यावर यायला हवा होता. तो चार अक्षरांवर येऊन थांबला. चार अक्षरे आणि चार टिंबे कोणी सोडायला तयार नव्हते. ‘स.न.वि.वि.’ नसलेले पत्र म्हणजे एक तर सरकारी नोटीस, नाही तर भांडण. माहिती शून्य असलेली गोष्ट लहान करता येते, पण काढून टाकता येत नाही, हे मला या चार अक्षरांइतके दुसऱ्या कशानेही पटलेले नाही.

पत्र गेले आणि दूरध्वनी आला. तेथे हीच रचना कशी चालते ते एका उदाहरणावर पाहू. इमॅन्युएल शेग्लॉफ या अभ्यासकाने १९६८ मध्ये सुमारे पाचशे फोनसंभाषणांच्या आरंभांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती पोलिसांच्या तक्रारकक्षातील ध्वनिमुद्रणे होती. त्याने आधी नियम केला की, ज्याला फोन येतो तो पहिल्यांदा बोलतो. पाचशेत एकच संभाषण या नियमात बसेना. त्यात पोलिसाने फोन लावला, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, सेकंदभर शांतता झाली आणि पोलिसानेच ‘हॅलो’ म्हटले. एकच अपवाद म्हणून त्याने तो बाजूला टाकला नाही. त्याने ओळखले की फोनची घंटा हीच पहिली हाक आहे, आणि उचलणाऱ्याचे ‘हॅलो’ हे अभिवादन नाही, त्या हाकेला दिलेली ‘ओ’ आहे. ‘ओ’ आली नाही म्हणून पोलिसाने पुन्हा हाक मारली. नंतरच्या लेखनात त्याने नेहमीच्या फोनच्या आरंभाचे चार टप्पे दाखवले : हाक आणि ओ, ओळख, अभिवादन, आणि परस्परांची खुशाली. त्यानंतर फोन करण्याचे कारण येते.

हे चारही टप्पे आपल्या घरच्या फोनमध्ये कसे दिसतात पाहा. मी एक साधा नमुना रचून सांगतो.

“हॅलो.”
“हॅलो, काकू, मी श्रीकांत बोलतोय.”
“अरे, बोल! कसा आहेस?”
“मी बरा. तुम्ही कशा आहात?”
“आम्ही मजेत. आणखी काय?”
“काही नाही, काका आहेत का घरी?”

शेवटच्या ओळीतले ‘काही नाही’ ऐका. सगळे फोन करणे ज्या कामासाठी, ते काम आपण ‘काही नाही’ असे म्हणून सुरू करतो! परक्याला हे विचित्र वाटेल. पण ‘काही नाही’ म्हणजे काळजीचे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘विशेष’च्या जागेवर आपण पोचलो आहोत आणि पुढे येते आहे ते भिण्यासारखे नाही, अशी ती पाटी आहे. मोबाइलच्या पडद्यावर आता नाव आधीच दिसते, त्यामुळे ओळखीचा टप्पा जवळजवळ गळून गेला. ‘मी श्रीकांत बोलतोय’ यात पूर्वी माहिती होती. ती पडद्याने घेतली आणि ते वाक्य गेले. ‘कसा आहेस?’ यात माहिती नव्हतीच, म्हणून ती कोणाला घेता आली नाही. ते वाक्य राहिले.

आता याच फोनचा दुसरा नमुना पाहा.

“हॅलो.”
“काकू, मी श्रीकांत. जरा काकांना देता का फोन?”
“का रे? काय झालं?”

श्रीकांतने वाईट असे काहीही सांगितलेले नाही. त्याने तिसरा आणि चौथा टप्पा ओलांडला, एवढेच. पण काकूंच्या पोटात गोळा आला, आणि तो बरोबर आला. अशा फोनमध्ये बातमी शब्दांच्या आधी पोचते, आणि ती रिकाम्या शब्दांच्या न येण्यातून पोचते. रोज शेकडो वेळा केलेला रिकामा व्यवहार त्या एका क्षणी असा कामाला येतो.

येथपर्यंत मी सोबतीच्या बोलण्याची चांगली बाजू सांगितली. आता त्याच्या मर्यादांकडे येतो, कारण अभिवादनात काहीच माहिती नसते हे विधान सरसकट खरे नाही.

अलेस्सांद्रो दुरांती या भाषिक मानवशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये सामोआ बेटांवरच्या अभिवादनांविषयी लिहिताना याच विधानाला हरकत घेतली. वाटेत भेटल्यावर ‘कुठे निघालास?’ असे तेथे विचारतात आणि ते अभिवादनच असते. पण विचारणाऱ्याला खरोखरच उत्तर हवे असते, आणि विचारले गेलेल्याला आपल्या हिंडण्याचा जाब द्यावा लागतो. आपल्या गावातली अनुभवी मंडळी हे लगेच ओळखतील. पारावर बसलेल्या आजोबांनी तरुण मुलीला ‘काय गं, कुठे निघालीस?’ असे विचारले तर ते सोबतीचे बोलणे आहे की पाळत, हे आजोबा आणि मुलगी यांचे मत एक असेलच असे नाही. प्रश्नाची माहिती मोजताना तो कोण कोणाला विचारतो हेही मोजावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे, आणि तिचा पुरावा पुन्हा मायन्यातच आहे. जगाविषयी मायना काही सांगत नाही हे खरे. पण लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातले नाते तो तंतोतंत सांगतो. कोणी कोणाला नमस्कार लिहायचा, कोणी दंडवत, कोणी आशीर्वाद, कोणी रामराम, हे वय, पद आणि जात यांवरून ठरे. नावाआधीचे ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ हे सगळे त्याच हिशेबातले. ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे एका बाईला प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत तिचे वैधव्य आठवून देत. त्यांना रिकामे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

म्हणून अभिवादनावरून भांडणे झाली, आणि ती किरकोळ नव्हती. १९७९ नव्हे, १७७९ सालची गोष्ट आहे. मुंबईच्या कंपनी सरकारने सोनार समाजाला ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा प्रकार वापरण्यास मनाई करणारा हुकूम काढला. ही मागणी पुण्याच्या बाजूने आलेली होती. ‘नमस्कार’ ही ब्राह्मणांची रीत, इतरांनी ती उचलू नये, असा तो दावा. एका शब्दासाठी दोन सत्ता कामाला लागल्या. माहितीच्या मापाने पाहिले तर ‘नमस्कार’ आणि ‘दंडवत’ यांत फरक नाही; दोन्ही तितकेच अपेक्षित, तितकेच रिकामे. पण ‘आपण दोघे एकमेकांचे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांत भरलेले होते. ते उत्तर सर्वांना मान्य असेपर्यंत शब्द निपचित पडून राहतो. कोणी ते अमान्य केले की तोच शब्द हुकूमनाम्यात जाऊन बसतो.

याच दृष्टीने ‘जोहार’ आणि ‘जय भीम’ यांच्याकडे पाहावे. ‘जोहार’ हे महार समाजाच्या माथी आलेले अभिवादन. ते वाकून करायचे आणि समोरच्याने तसेच परत करायचे नसे. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च. दोघेही तेच म्हणतात. अभिवादन बदलले म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा आला असे नव्हे. वरून खाली जाणारी एकेरी वाट बंद झाली आणि समोरासमोरची वाट सुरू झाली. वारकऱ्यांत दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, त्यातही हीच समोरासमोरची वाट आहे. अभिवादनाने बंध जुळतो असे मालिनोव्स्की म्हणाला. त्याला आपण एवढी पुस्ती जोडू शकतो की, कोणता बंध, हेही अभिवादनच ठरवते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो येथे इंदुरात बसलेल्या आपणा सर्वांचा आहे.

रोमान याकबसन याने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांतले एक त्याने मालिनोव्स्कीकडून घेतले : दोघांमधली वाट उघडी आहे ना, हे पाहण्याचे. फोनवर ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणतो तसे. दुसरे एक कार्य त्याने वेगळे ठेवले, ते म्हणजे आपण एकच भाषा वापरतो आहोत ना, हे पडताळण्याचे. एकभाषी गावात ही दोन कार्ये वेगळी राहू शकतात. आपल्या शहरात ती पहिल्याच शब्दात एकमेकांत मिसळतात. राजवाड्यापाशी दोन मराठी माणसे भेटली आणि पहिल्याने ‘भिया राम!’ म्हटले, की वाटही उघडली आणि भाषाही ठरली. पुढची पंधरा मिनिटे हिंदीत जाणार. पहिल्याने ‘काय म्हणता?’ म्हटले असते, तर तीच पंधरा मिनिटे मराठीत गेली असती. मध्येच भाषा बदलायची तर काही कारण लागते. आरंभी ती फुकट निवडता येते. बडोद्याला ‘केम छो’ आणि बेळगावला कानडीतले ‘ऊट आयता?’ हेच काम करतात. ‘ऊट आयता?’ म्हणजे शब्दशः ‘जेवण झालं का?’; तेथला मराठी माणूसही भेटल्यावर हेच आपल्या भाषेत विचारतो. अर्थ इतका सारखा की, फरक फक्त पुढे कोणत्या भाषेत बोलायचे याचा उरतो.

म्हणून, आपल्या मुलांना मराठी शिकवताना आपण काय शिकवतो याचा विचार करावा असे मला वाटते. वर्गात आपण ‘नमस्कार, माझे नाव अमुक’ शिकवतो. त्या वाक्यात माहिती आहे. पण ‘काय विशेष?’, ‘आणखी काय?’, ‘काही नाही, सहज आलो’, ‘या, बसा’ ही वाक्ये आपण शिकवत नाही, कारण त्यांत शिकवण्यासारखे काही नाही असे वाटते. परिणाम असा की, मुलाला मराठीत निबंध लिहिता येतो आणि काकांच्या घरात शिरताना मराठीत काय म्हणायचे ते येत नाही. मग तो दारात हिंदीत बोलतो, आणि दारात जी भाषा आली तीच बैठकीत जाते.

यातले सर्वांत अवघड वाक्य निरोपाचे आहे. हिंदी माध्यमात वाढलेला नातू ‘चलता हूँ’ मनात धरून सरळ ‘आजी, मी जातो’ म्हणतो. व्याकरण शुद्ध, माहिती खरी. तो जातोच आहे. पण आजीच्या कपाळावर आठी पडते आणि ती म्हणते, “जातो म्हणू नये. येतो म्हणावं.” मुलगा गोंधळतो. पायात चपला घालणारा माणूस ‘येतो’ कसा म्हणेल? माहितीच्या हिशेबात हे वाक्य रिकामेही नाही, ते चक्क चुकीचे आहे. तरी आजीचे म्हणणेच मराठी आहे. आपण निघताना कोठे चाललो ते सांगत नसतो; परत येण्याचे बोलून ठेवत असतो. त्या मुलाला याचे कारण समजावून सांगायची गरज नाही. त्याने ते वाक्य आजीकडून चार वेळा ऐकावे, पाचव्या वेळी स्वतः म्हणावे, आणि आजीने आतून ‘ये हो, सावकाश जा’ म्हणावे, एवढे पुरे आहे.